फोटोतल्या तारखा आणि रजेचा अर्ज

शाळेचे परिपत्रक पूर्वी मुलाच्या वहीत चिकटून घरी यायचे. आता ते आईच्या मोबाईलवर येते, आणि तेही बहुधा कुणीतरी नोटीस बोर्डासमोर घाईत काढलेल्या फोटोच्या रूपात. वरचा कोपरा कापलेला, खाली बोटाची सावली. रजेच्या अर्जात ‘परिपत्रकानुसार’ असे लिहायचे तर हा फोटो आधी नीट वाचायला हवा.

आपल्या दुभाषी घरांत पहिली अडचण शब्दाचीच येते. कन्नडमध्ये ‘रजे’ म्हणजे आपण मागतो ती रजाही आणि शाळेला असलेली सुट्टीही. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून ‘सुत्तोले’त एखाद्या तारखेसमोर ‘रजे’ असेल तर त्या दिवशी शाळाच बंद आहे, त्या दिवसाची रजा मागायची नसते. दुसरी अडचण अंकांची. परिपत्रकात कन्नड अंक असतील तर सहा आणि नऊ अंधुक फोटोत एकमेकांसारखे दिसतात. अशा वेळी शेजारचा वार पाहावा. २६ ऑगस्ट २०२५ ला मंगळवार होता, २९ ला शुक्रवार. वाराने अंकाचा उलगडा होतो.

वाराचा आणखी एक उपयोग आहे. ग्रुपवर गेल्या वर्षीचा फोटोही फिरत असतो आणि साल नेमके कापलेल्या कोपऱ्यात गेलेले असते. २७ ऑगस्टला २०२४ मध्ये मंगळवार होता, २०२५ मध्ये बुधवार. तारीख आणि वार जुळत नसतील तर तो फोटो बाजूला ठेवावा आणि वर्गशिक्षकांना विचारावे.

उदाहरणासाठी २०२५ चा गणपतीच घेऊ. चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. गौरी रविवारी ३१ ला आल्या, मंगळवारी २ सप्टेंबरला गेल्या. समजा, सहावीतल्या मुलीला घेऊन घरची मंडळी गावी निघाली आहेत. २० ऑगस्टच्या परिपत्रकात २७ ची सुट्टी आहे आणि १ ते ३ सप्टेंबर घटक चाचणी. आता घाईत ‘२७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर, सात दिवस रजा’ असे लिहून टाकतात. पण २७ ला सुट्टी आणि ३१ ला रविवार. मुलगी प्रत्यक्षात चुकवणार ते गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार आणि मंगळवार असे पाच दिवस. शनिवारची सकाळची शाळा अर्धी असली तरी हजेरीत तो दिवस धरावाच लागतो. आणि त्यातले शेवटचे दोन दिवस चाचणीचे आहेत. खरी कळ इथे आहे, आणि नेमके तेच बहुतेक अर्जांत लिहिलेले नसते.

अर्जात तीन निरनिराळ्या तारखा येतात आणि त्यांची सरमिसळ होते. उजवीकडे वर येते ती अर्ज लिहिल्याची तारीख. विषयाखाली ‘संदर्भ’ म्हणून येते ती परिपत्रक काढल्याची तारीख, आणि क्रमांक दिसत असेल तर तोही. (कन्नड अर्जात याच ओळीला ‘उल्लेख’ म्हणतात.) रजेच्या तारखा मजकुरात. साधारण असा अर्ज पुरतो :

‘विषय : पाच दिवसांच्या रजेबाबत.
संदर्भ : आपले दि. २० ऑगस्ट २०२५ चे परिपत्रक.
महोदय, माझी मुलगी (नाव, इयत्ता सहावी ब, हजेरी क्रमांक) घरच्या गौरी-गणपतीसाठी गावी जाणार असल्याने दि. २८, २९, ३० ऑगस्ट आणि १, २ सप्टेंबर रोजी शाळेत येऊ शकणार नाही. वरील परिपत्रकानुसार १ व २ सप्टेंबर रोजी घटक चाचणी आहे. ते पेपर नंतर घेता येतील का, हे कृपया कळवावे. ३ सप्टेंबर रोजी ती चाचणीस हजर राहील.’

खाली पालकाची सही आणि फोन नंबर. मुख्याध्यापक कन्नड वाचणारे असतील तर हाच मजकूर कन्नडमध्ये द्यावा. ‘मान्यरे’ने सुरुवात करून आखणी तशीच ठेवता येते. फोटोची प्रत जोडायला हरकत नाही, मात्र ‘सोबतच्या फोटोप्रमाणे’ एवढ्यावर भागवू नये. कार्यालयात अर्ज एका फायलीत जातो आणि फोटो मोबाईलमध्येच राहतो.

रजा मंजूर झाली म्हणून हजेरी लागत नाही, गैरहजेरी फक्त विनापरवाना ठरत नाही. कर्नाटकात दहावीच्या मुलांना ७५ टक्के हजेरी लागते, तिथे हे पाच दिवस मोजूनच निघावे. राहिलेले पेपर पुन्हा घ्यायचे की नाही हे मुख्याध्यापकांच्या हाती. म्हणून अर्ज निघण्याच्या आदल्या दिवशी न देता परिपत्रक आल्याबरोबर द्यावा आणि उत्तर ‘नाही’ आले तर मुलीला रविवारी रात्रीच्या गाडीने परत आणता येईल का, हे घरात आधी बोलून ठेवावे. आजी रुसेल, पण गौरी जेवायच्या दिवशी गणिताचा पेपर आहे हे तिला चार दिवस आधी कळलेले बरे.