दादा, जरा आमचा एक फोटो काढता का?

घराघरांतले अल्बम उघडून बघा. सहल कुठलीही असो, एक माणूस त्यात हमखास गैरहजर असतो, आणि तो म्हणजे फोटो काढणारा. आमच्याकडे हे खातं माझं. त्यामुळे सासूबाई, मुलं, आमचे हे, सगळे आहेत, मी नाही. सेल्फीनं ही उणीव भरून निघत नाही. हातभर अंतरावरून चेहरेच मोठे येतात, आणि जे पाहायला गेलो ते मागे झाकलं जातं. तेव्हा कुणा अनोळखी माणसाला गाठणं आलंच.

गेटवे ऑफ इंडियाचंच घ्या. मंडळी थेट कमानीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहतात. कमान 26 मीटर उंच, आपण जेमतेम दीड-पावणेदोन. ती पूर्ण यावी म्हणून फोटो काढणारा मागे मागे जातो आणि फोटोत आपण तिच्या सोळाव्या हिश्शाएवढे! त्या बिचाऱ्याचा यात काय दोष? त्यापेक्षा कमानीपासून साधारण ऐंशी पावलं शहराच्या बाजूला त्याला उभं करावं, आणि आपण त्याच्यासमोर सात पावलांवर. मग कमान पूर्ण येते आणि माणसंही तिच्या जवळजवळ पाऊणपट उंचीची दिसतात.

आता हे सगळं समजावायचं कसं? माझा अनुभव असा, की तोंडानं सांगूच नये. फोन आडवा की उभा, पाय यायला हवेत की नकोत, ऐकता ऐकता समोरचा गांगरतो. मी आधी घरच्यांना जागेवर उभं करते, स्वतः एक फोटो काढते आणि तो त्या गृहस्थांना दाखवते. "अगदी असाच हवा. तुम्ही माझ्या जागी उभे राहा, मी त्यांच्या शेजारी जाते." बस्स. समोरचा तमिळ असो की बंगाली, फोटो दाखवला की भाषा अडत नाही.

दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगते. फोन छातीच्या उंचीवर, सरळ धरायचा. काही हौशी मंडळी उकिडवी बसतात; मग आपली डोकी वर सरकतात आणि निम्मी कमान झाकतात. वर तिरका धरला, तर कमान मागे कललेली दिसते. आणि फोटो तीन-चार काढायचे, कारण एकात कुणीतरी डोळे मिटतोच.

वेळ दुपारी चारनंतरची बरी. सकाळी सूर्य कमानीमागून, समुद्राच्या बाजूनं वर येतो, त्यामुळे चेहरे काळे पडतात. सकाळीच जाणं भाग असेल, तर पडद्यावर चेहऱ्यावर एकदा बोट टेकवायला सांगावं. चेहरा उजळतो, मागचं आकाश मात्र पांढरं होतं.

विचारावं कुणाला? जो आपल्या कुटुंबाचे फोटो काढण्यात गुंतलाय, त्याला. त्याच्या अल्बममधूनही तोच गायब असतो. मी म्हणते, "आधी तुमचा काढू का?" सहसा नाही म्हणत नाहीत. आणि हो, फोन परत घेतल्यावर ते गृहस्थ तिथे आहेत तोवरच फोटो बघून घ्यायचे.