रिमोट मेला की मुका झाला? प्रकाशाचे रिमोट, रेडिओचे रिमोट आणि शहापूर-मुरबाडच्या दोन घरांतल्या गोष्टी

आजचा विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. "रिमोट चालत नाही, त्यावर काय बोलायचं? सेल बदला!" पण शहापूर तालुक्यातल्या एका घरात मी गेलो तेव्हा त्यांनी तीन दिवसांत दोनदा सेल बदलले होते. रिमोट चालत नव्हता तो नव्हताच. दिवसभर घरात एकट्या असलेल्या आजी, त्यांना गुडघ्यामुळे उठवत नाही, आणि समोर टीव्ही एकाच चित्रावर थांबलेला. फोनवर मेकॅनिक म्हणाला, "बोर्ड गेला असेल, घेऊन या." एवढा मोठा टीव्ही गोधडीत गुंडाळून जीपने शहापूरला न्यायचा, म्हणजे मुलाचा एका दिवसाचा खाडा आणि वर बोर्डाचा खर्च. त्या घरात नेमकं काय झालं होतं ते सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल.

आपल्या घरांत आज दोन जातींचे रिमोट आहेत आणि दिसायला ते सारखेच असतात. पहिला प्रकाशाचा. त्याच्या टोकाला बारीक दिवा असतो, तो अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशात लुकलुकतो. आपल्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढचं दिसत नाही आणि हा दिवा बहुधा ९४० च्या आसपास असतो, म्हणून तो पेटलेला कळत नाही. हा रिमोट फक्त बोलतो, ऐकत नाही. समोर टीव्ही आहे की भिंत, त्याला पत्ता नसतो. त्यामुळे त्याची कुणाशी ओळख करून द्यावी लागत नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशचे, इतर छत्रीवाल्या डब्यांचे साधे रिमोट या जातीचे.

दुसरा ब्लूटूथचा, म्हणजे रेडिओ लहरींचा. त्याला टीव्हीच्या दिशेने धरायची गरज नाही, गोधडीखालूनही चालतो. पण त्याची आणि टीव्हीची आधी ओळख व्हावी लागते, तिलाच पेअरिंग म्हणतात. दोघेही एकमेकांची खूण आपापल्या स्मरणात ठेवतात. एकाने जरी ती पुसली तरी दुसऱ्याने कितीही हाका मारल्या तरी उपयोग नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे रिमोटवर माइकचं बटण आहे का बघा. त्यात बोलून शोधायची सोय असेल तर तो जवळजवळ नक्की ब्लूटूथचा, कारण आपला आवाज टीव्हीपर्यंत न्यायला त्या लुकलुकत्या दिव्याचा वेग पुरत नाही.

आता खरी गोम इथे आहे. ब्लूटूथच्या बहुतेक रिमोटमध्ये तो प्रकाशाचा दिवाही असतो! टीव्ही चालू-बंद करायचं बटण, बऱ्याचदा आवाजाचंही, प्रकाशावर चालतं आणि बाकीची बटणं ब्लूटूथवर. म्हणजे एकाच रिमोटचा अर्धा भाग जिवंत आणि अर्धा मुका, असं होऊ शकतं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गोंधळ यानेच होतो. माणूस म्हणतो, "टीव्ही चालू होतो, म्हणजे रिमोट चांगला आहे, म्हणजे टीव्हीच बिघडला." हा निष्कर्ष चूक. चालू-बंद होतंय आणि बाण किंवा मधलं बटण चालत नाही, असं असेल तर पहिला संशय तुटलेल्या ओळखीवर घ्यायचा. सेल पूर्ण संपले असते तर चालू-बंदही झालं नसतं.

आजींच्या घरात हेच होतं. मी विचारलं, "सुरुवात कशी झाली?" तर संध्याकाळी लाईट दोन-तीनदा गेली-आली. टीव्ही सुरू होताना मधेच अडकला. सुट्टीला आलेल्या नातवाने टीव्हीच्या खालचं बटण बराच वेळ दाबून धरलं, मग पडद्यावर जे आलं त्यातलं काहीतरी निवडलं आणि टीव्ही कारखान्यातून आल्यासारखा कोरा झाला. कोरा टीव्ही जुन्या रिमोटची ओळख विसरला. रिमोट बिचारा जुन्या ओळखीवर हाका मारतोय.

आणि पडद्यावर थांबलेलं ते चित्र काय होतं माहीत आहे? रिमोटचं चित्र, त्यावर दोन बटणांना गोल केलेले आणि शेजारी इंग्रजीत लिहिलेलं, ही दोन बटणं एकत्र दाबून धरा. तीन दिवस टीव्ही उपाय दाखवत उभा होता. घरात इंग्रजी वाचणारा नातू दुसऱ्या दिवशीच परत गेला होता. (हशा) हसू नका, माझ्याही घरी असं झालंय.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. टीव्हीचा प्लग भिंतीतून काढला आणि मिनिटभर तसाच ठेवला. नुसतं रिमोटने बंद केलं तर हे टीव्ही आतून जागेच राहतात, म्हणून प्लग काढायचा. रिमोटमधले सेल काढून नवीन, एकाच पाकिटातले दोन घातले. टीव्ही पुन्हा त्याच चित्रापर्यंत येऊ दिला. मग टीव्हीपासून हातभर अंतरावर उभं राहून घराचं चिन्ह असलेलं आणि मागे जायचं, अशी दोन बटणं एकत्र दाबून धरली. पाचेक सेकंदांत रिमोटवरचा बारीक दिवा लुकलुकू लागला, तेव्हा बोटं उचलली. थोड्या वेळात पडद्यावर जोडणी झाल्याचं आलं. बोर्ड वगैरे काही गेलं नव्हतं.

दाबायची बटणं मात्र प्रत्येकाची वेगळी. गुगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या बऱ्याच टीव्हींना ही घर-आणि-मागे जोडी चालते. सॅमसंगच्या स्मार्ट रिमोटला मागे जायचं आणि प्ले-पॉजचं बटण एकत्र, तीनेक सेकंद. एलजीच्या मॅजिक रिमोटचं मधलं चाक टीव्हीकडे धरून दाबायचं. फायर टीव्हीच्या रिमोटवर घराचं बटण एकटंच, दहा सेकंद. उगाच सगळी बटणं दाबत बसू नका, आपल्या रिमोटची जोडी टीव्हीच्या पुस्तिकेत असते.

(श्रोत्यांमधून प्रश्न: पण टीव्ही कोरा झाला नसेल, ते चित्रच येत नसेल, तर? रिमोटशिवाय सेटिंगमध्ये जायचं कसं?)

चांगला प्रश्न. बऱ्याच ठिकाणी ती दोन बटणं दाबली की पुरतं, टीव्ही आपोआप शोधतो. नाही शोधला तर कॉम्प्युटरचा साधा वायरवाला माउस टीव्हीच्या मागच्या यूएसबी खाचेत लावा. अँड्रॉइड टीव्हीवर बाण उमटतो. त्याने सेटिंगमध्ये `Remotes & Accessories` आणि त्यात `Pair remote or accessory` निवडायचं, मग रिमोटची बटणं दाबून धरायची. माउस शेजारच्या शाळकरी पोराकडून तासभर मागून आणला तरी चालतो.

आता प्रकाशाच्या रिमोटकडे येऊ, आणि त्यासाठी मुरबाडच्या बाजूला जाऊ. तिथल्या एका गुरुजींची तक्रार वेगळीच होती. छत्रीच्या डब्याचा रिमोट सकाळी ठणठणीत, रात्री ठणठणीत, पण संध्याकाळी पाच ते सहा बातम्यांच्या वेळी अगदी डब्याला टेकवला तरच चालायचा. पावसाळ्यात मात्र कधीच त्रास नाही. त्यांनी सेल बदलले, रिमोट बदलला. तक्रार तशीच.

असं वेळ पाळणारं दुखणं असेल तर रिमोट तपासायच्या आधी खोली तपासायची. गुरुजींचं दार पश्चिमेला आणि डबा दाराच्या बरोबर समोर. कलतं ऊन पडवीतून थेट डब्याच्या काळ्या काचेवर यायचं. त्या काचेमागचा डोळा रिमोटचा ठरावीक लुकलुकाट शोधत असतो, बहुधा सेकंदाला ३८,००० वेळा. उन्हातही अवरक्त प्रकाश भरपूर असतो, पण तो लुकलुकत नाही, म्हणून डबा त्याला हुकूम समजत नाही. मात्र त्या झगमगाटात रिमोटचा क्षीण प्रकाश बुडतो. म्हशाच्या जत्रेत कुणी कानात कुजबुजावं तसं, अगदी जवळ आल्याशिवाय ऐकू येत नाही. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने प्रकाशावर चालणारा फ्लॅशमॅटिक नावाचा रिमोट काढला, त्यात हे दुखणं याहून वाईट होतं. ऊन पडलं की टीव्ही आपोआप हुकूम पाळायचा! पुढच्या वर्षी त्यांनी प्रकाश सोडून आवाजावर चालणारा रिमोट आणला.

गुरुजींचा डबा फक्त वीतभर सरकवून कपाटाच्या सावलीत ठेवला. त्याच वेळी आणखी एक सापडलं. चुलीच्या धुराचा तेलकट थर त्या काळ्या काचेवर बसला होता. ओल्या फडक्याने पुसल्यावर खाटेवरूनही रिमोट चालू लागला. त्यांचा जुना रिमोट, जो फेकून द्यायचा होता, तोही.

प्रकाशाचा रिमोट जिवंत आहे का हे घरीच कळतं. मोबाईलचा कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा, कारण मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा हा प्रकाश अडवणारी काच असते. आधी चांगल्या चालणाऱ्या रिमोटवर हे करून बघा, म्हणजे तुमच्या मोबाईलला दिसतं की नाही ते कळेल. बटण न दाबताही ठिपका लुकलुकत राहिला तर एखादं बटण आत चिकटलंय. असा रिमोट उशीखाली पडून घरातल्या दुसऱ्या रिमोटलाही बोलू देत नाही. आणि ब्लूटूथच्या बटणांना ठिपका दिसला नाही तर घाबरू नका, ती प्रकाशाने बोलतच नाहीत.

(प्रश्न: सेल चांगले आहेत हे कसं ओळखायचं? ठिपका दिसला म्हणजे चांगले ना?)

नाही, तेवढ्याने नाही. कमजोर सेलवरही ठिपका दिसतो, फक्त अंतर कमी होतं. मीटर असेल तर नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. १.२ च्या खाली आला की बदलावा. चार्ज होणारे सेल मात्र मुळातच १.२ चे असतात, ते मीटरवर बघून फेकू नका. एक जुना आणि एक नवा असं कधी घालू नका, जुना आधी रिकामा होतो आणि गळायला लागतो. रिमोटची स्प्रिंग पांढरी किंवा हिरवट झाली असेल तर सेल गळलाय. अल्कलाइन सेलचा तो पांढरा थर लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या थेंबाने, कान साफ करायच्या काडीने पुसायचा, मग किंचित ओल्या काडीने, आणि पूर्ण सुकल्यावरच नवे सेल घालायचे. स्प्रिंगच गंजून तुटली असेल तर मात्र रिमोट बदला. त्याचा माइक वापरत नसाल तर आधी दुकानदाराला विचारा की तुमच्या टीव्हीला साधा प्रकाशाचा रिमोट चालतो का. बऱ्याच टीव्हींना चालतो, आणि त्याला पेअरिंगही लागत नाही. आजींच्या मुलाने नंतर तसाच एक आणून खिळ्याला टांगून ठेवलाय.