कीलिंग वक्राचे वाचन

कीलिंग वक्र हा वातावरणातील कार्बन डायऑक्साइडच्या दीर्घकालीन नोंदींचा आलेख आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे या नोंदी सुरू केल्या. परीक्षेतील आलेखावर आधारित प्रश्नांत हा वक्र वारंवार दिला जातो. त्यात दोन भिन्न बदल एकत्र दिसतात व ते वेगळे करून वाचावे लागतात.

ऋतुमानीय चढउतार

दरवर्षी मे महिन्यात वक्र शिखर गाठतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाला येतो. हा फरक सुमारे ६ पीपीएम (हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ६ रेणू) असतो. उत्तर गोलार्धात भूभाग व वनस्पती अधिक आहेत. तेथील उन्हाळ्यात प्रकाशसंश्लेषणाने वायू शोषला जातो, तर हिवाळ्यात श्वसन व विघटनामुळे तो परत मिसळतो. त्यामुळे मे ते सप्टेंबरमधील घट ही प्रदूषण कमी झाल्याची खूण नव्हे.

दीर्घकालीन वाढ

वाढ मोजताना वार्षिक सरासरी किंवा दोन्ही वर्षांतील एकच महिना घ्यावा. वार्षिक सरासरी १९६० मध्ये सुमारे ३१७ व २०२० मध्ये सुमारे ४१४ पीपीएम होती. म्हणजे ६० वर्षांत ९७ पीपीएम, सुमारे ३१ टक्के वाढ झाली. मात्र वाढीचा वेग स्थिर नाही. १९६० ते १९७० मध्ये सरासरी ३१७ वरून ३२६ झाली, म्हणजे वर्षाला ०.९ पीपीएम, २०१० ते २०२० मध्ये ती ३९० वरून ४१४ झाली, म्हणजे वर्षाला २.४ पीपीएम. म्हणून वक्र वर जाताना अधिक तीव्र होतो.

सामान्य चुका

आरंभबिंदू तळाचा व अंतिम बिंदू शिखराचा घेतल्यास वाढ सुमारे ६ पीपीएमने फुगते. ६० वर्षांच्या हिशेबात ही चूक लहान ठरते. परंतु २०१५ ते २०२० मधील सुमारे १३ पीपीएमची वाढ १९ दिसते. दुसरी चूक उभ्या अक्षाची आहे. तो बहुधा शून्याऐवजी ३१० च्या आसपास सुरू होतो, त्यामुळे रेषेची उंची पाहून प्रमाण अनेक पटींनी वाढल्याचा भास होतो.

स्थानानुसार फरक

गोव्यातील काबो दि रामा येथे १९९३ ते २००२ या काळात घेतलेल्या हवेच्या नमुन्यांत ऋतुमानीय फरक मौना लोआपेक्षा मोठा आढळला. तेथे वनस्पतींबरोबरच वाऱ्याची दिशाही कारणीभूत असते. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरील हवा आणतात, तर हिवाळ्यात भूभागावरील हवा पोहोचते.

मर्यादा

केवळ या आलेखावरून वाढीचे कारण सिद्ध होत नाही. 'आलेखावरून सांगा' अशा प्रश्नात जीवाश्म इंधनाचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण, घटणारा ऑक्सिजन यांसारखे स्वतंत्र पुरावे लागतात.