क्रमांकाच्या यादीतून तीन रकान्यांचा तक्ता

वाचनालयाची नवी इमारत बांधायची ठरते आणि अभियंता कामांची यादी वर्डमध्ये टाइप करून पाठवतो. यादी अशी दिसते:

```
1 जमीन आणि परवानग्या
1.1 सातबारा उतारा
1.2 मोजणी
2 बांधकाम
2.1 पाया
2.1.1 खोदकाम
2.1.2 काँक्रीटचा थर
2.2 जोते
...
2.9 गिलावा
2.10 फरशी
```

वाचायला ही यादी उत्तम आहे, पण कार्यकारिणीला तिच्यावर काम करायचे असते. प्रत्येक कामासमोर खर्च लिहायचा, जबाबदार माणूस नेमायचा, फक्त मुख्य कामे बैठकीत दाखवायची आणि शेवटी बेरीज करायची. त्यासाठी यादी गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये आणावी लागते आणि तीही प्रत्येक ओळीचे तीन तुकडे करून: पातळी, क्रमांक आणि शीर्षक. शंभर-दीडशे ओळी हाताने तोडायला दुपार जाते आणि चुका राहतात त्या वेगळ्याच. सूत्रांनी हे काम काही मिनिटांत होते. मात्र त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी लागते.

ती अशी की 2.10 ही संख्या नाही, तो पत्ता आहे. दुसऱ्या विभागातले दहावे काम, एवढाच त्याचा अर्थ. गणितात 2.10 आणि 2.1 सारखेच, पण आपल्या यादीत एक फरशी आहे आणि दुसरा पाया. शीट्स आणि एक्सेल दोघांनाही हा फरक आपोआप कळत नाही. पेशीत नुसते 2.10 पडले की ते त्याला संख्या समजतात आणि शेवटचे शून्य गाळून 2.1 करतात. कोणी 2-1 अशी पद्धत वापरली असेल, तर त्याची तारीख होते. ही सवय इतकी त्रासदायक ठरली, की मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने काही जनुकांची नावेच बदलली. MARCH1 लिहिले की एक्सेल ते 1 मार्च समजत असे. आता त्या जनुकाचे नाव MARCHF1 आहे.

म्हणून पहिली पायरी यादी चिकटवण्याआधीची. वर्डमधले क्रमांक बहुधा आपोआप पडलेले असतात. ते पडद्यावर दिसतात, पण मजकुराचा भाग नसतात, त्यामुळे शोधायला गेले तर सापडत नाहीत. संगणकावरच्या वर्डमध्ये त्यांना खऱ्या मजकुरात बदलता येते. फाइलची प्रत करा, प्रतीत Alt+F11 दाबा, मग Ctrl+G दाबा आणि उघडलेल्या खिडकीत ही ओळ लिहून एंटर करा:

```
ActiveDocument.ConvertNumbersToText
```

वर्ड बहुतेक वेळा क्रमांक आणि शीर्षक यांच्यामध्ये टॅब ठेवतो. शीटमध्ये चिकटवताना टॅब म्हणजे पुढचा रकाना, त्यामुळे क्रमांक एकटाच पेशीत जातो आणि तिथेच 2.10 चा 2.1 होतो. हे टाळायला वर्डच्या शोधा-बदला खिडकीत `^t` च्या जागी एक मोकळी जागा भरा. आता पूर्ण ओळ एकाच पेशीत बसेल. सोबत अक्षरे असल्याने शीट तिला संख्या समजणार नाही. तरीही खबरदारी म्हणून A रकाना निवडून Format > Number > Plain text करावे आणि मगच A2 पासून यादी चिकटवावी.

पहिल्या ओळीत मथळे लिहा: A मध्ये मूळ ओळ, B मध्ये पातळी, C मध्ये क्रमांक, D मध्ये शीर्षक. पुढची सूत्रे गूगल शीट्ससाठी आहेत. सुरुवात क्रमांकापासून करू, कारण पातळी त्याच्यातूनच निघते. C2 मध्ये:

```
=IFNA(REGEXEXTRACT(A2,"^\s*([0-9०-९]+(?:\.[0-9०-९]+)*)"),"")
```

सूत्र भीतिदायक दिसते, पण त्याचे म्हणणे सरळ आहे. ओळीच्या सुरुवातीपासून बघ, आधीची मोकळी जागा सोड, मग एक अंकगट घे आणि त्यापुढे जितक्या वेळा टिंब आणि अंक अशी जोडी येईल तितक्या जोड्या घे. अंक देवनागरी असोत वा इंग्रजी, दोन्ही चालतात. मिळालेले उत्तर मजकूर असते, संख्या नव्हे, त्यामुळे 2.10 जसेच्या तसे राहते. काही लोक "1." किंवा "2.1." असे शेवटीही टिंब देतात. त्या टिंबापुढे अंक नसल्याने हे सूत्र ते घेत नाही आणि हे फार उपयोगाचे आहे. विभागांच्या क्रमांकासाठी ISO 2145 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही टिंब फक्त दोन पातळ्यांच्या मध्ये येते, शेवटी नाही.

आता B2 मध्ये पातळी:

```
=IF(C2="","",LEN(C2)-LEN(SUBSTITUTE(C2,".",""))+1)
```

क्रमांकाची लांबी मोजायची, टिंबे काढून पुन्हा मोजायची. फरक म्हणजे टिंबांची संख्या. त्यात एक मिळवला की पातळी. 2 ची पातळी 1, 2.10 ची 2, 2.1.1 ची 3. ओळ किती आत सरकवलेली आहे यावरून पातळी ठरवण्याचा मोह टाळावा. मोकळी जागा प्रत्येक टाइप करणाऱ्याची वेगळी असते आणि पीडीएफमधून नक्कल करताना ती अनेकदा नाहीशी होते. शेवटी D2 मध्ये शीर्षक, म्हणजे क्रमांक वजा जाता उरलेले:

```
=TRIM(REGEXREPLACE(A2,"^\s*[0-9०-९]+(?:\.[0-9०-९]+)*[.)]?\s*",""))
```

तिन्ही सूत्रे खालपर्यंत ओढली की तक्ता तयार दिसतो. पण तो बरोबर आहे की नाही, हे अजून ठरायचे आहे.

सर्वांत नेहमीची चूक तुटलेल्या ओळीची. समजा, 2.1.2 चे शीर्षक लांब होते आणि पीडीएफमधून येताना त्याचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला अंक नसेल, तर C रिकामा राहतो. गाळणी लावून रिकाम्या पेशी पाहिल्या की अशा ओळी लगेच हाती लागतात. पण तुकडा "100 मिमी जाडीचा" असा असेल, तर सूत्र 100 हा क्रमांक समजते आणि पहिल्या पातळीचे एक मुख्य काम तयार होते. म्हणून पातळी 1 वर गाळणी लावून क्रमांक डोळ्यांनी वाचावेत. 1, 2, 100, 3 असा क्रम आला की चोर सापडतो. तो तुकडा A रकान्यात वरच्या ओळीला जोडून द्यावा आणि रिकामी झालेली ओळ काढून टाकावी.

कधी क्रमांक मुळातच चुकलेला असतो किंवा ओळ गळालेली असते. त्यासाठी E2 मध्ये प्रत्येक कामाचा वरचा क्रमांक काढू आणि F2 मध्ये तो यादीत आहे का, ते पाहू:

```
=REGEXREPLACE(C2,"\.?[^.]+$","")
=IF(E2="","",IF(ISNUMBER(MATCH(E2,C:C,0)),"","वरची ओळ नाही"))
```

2.1.1 चा वरचा क्रमांक 2.1, तो C रकान्यात नसेल तर इशारा येतो. एकच क्रमांक दोनदा आला आहे का, हे पाहायला पुष्कळ जण COUNTIF वापरतात. इथे तो धोक्याचा आहे. एक्सेलमध्ये COUNTIF मजकुरालाही संख्या समजून तुलना करतो, त्यामुळे 2.1 आणि 2.10 त्याला एकच वाटतात आणि नसलेली चूक दाखवली जाते. त्याऐवजी सरळ बरोबरी तपासणारे हे सूत्र वापरावे. उत्तर 1 पेक्षा जास्त आले तरच क्रमांक दुबार आहे:

```
=SUMPRODUCT(--(C$2:C$200=C2))
```

तक्ता तपासून झाला की खर्च भरण्याआधी आणखी एक रकाना करावा: 1, 2, 3 असा साधा अनुक्रम, सूत्राविना. पुढे कोणी जबाबदार माणसाच्या नावाने क्रमवारी लावली, तर मूळ क्रमाकडे परतायचा रस्ता हाच. क्रमांकाच्या रकान्यावरून क्रमवारी लावली तर 2.10 हे 2.2 च्या आधी जाऊन बसते, कारण मजकुराची तुलना एकेका अक्षराने होते.

आणि आता बेरीज. समजा, खोदकामाला 40,000 आणि काँक्रीटच्या थराला 1,40,000 रुपये लागतात. अभियंत्याने पायासमोर 1,80,000 लिहिले, तेही बरोबरच आहे. पण पूर्ण रकान्याची बेरीज केली, तर पायाचे 3,60,000 होतात. फक्त तिसरी पातळी धरावी म्हटले, तर 2.2 जोते सुटते, कारण त्याला पोटकामेच नाहीत. बेरजेत तेच काम धरायचे, ज्याच्या खाली दुसरे काम नाही. E रकाना असल्याने हे ओळखणे सोपे आहे: ज्या कामाचा क्रमांक E मध्ये कुठेही येत नाही, ते शेवटचे काम. H2 मध्ये

```
=ISNA(MATCH(C2,E:E,0))
```

लिहून खाली ओढा. I रकान्यात खर्च असेल, तर खरी एकूण रक्कम अशी मिळते:

```
=SUMIF(H2:H200,TRUE,I2:I200)
```

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. संस्थांच्या उपविधींमध्ये 3, मग (अ), मग (एक) अशी मिश्र पद्धत असते. तिथे ओळीवर पूर्ण पत्ता नसतो, नुसते शेपूट असते, आणि वीस ठिकाणी (अ) येतो. अशा यादीत टिंबे मोजून काही हाती लागत नाही. मूळ वर्ड फाइल मिळत असेल आणि क्रमांक आपोआप पडणारे असतील, तर बहुस्तरीय यादीची पद्धत बदलून 1.1.1 अशी करून घ्यावी आणि मगच ती शीटमध्ये आणावी. फाइल नसेल, तर पातळी हाताने भरण्याला पर्याय नाही.

तयार तक्ता दुसऱ्याला देताना सीएसव्ही करून देऊ नका. त्या फाइलमध्ये रकाना मजकुराचा की संख्येचा याची नोंद राहत नाही. समोरच्याने ती एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की 2.10 पुन्हा 2.1 होतो आणि फरशीचा खर्च पायाच्या नावावर पडतो. शीटचा दुवा द्या किंवा एक्सएलएसएक्स फाइल द्या.