लाल गोळा किती मायक्रॉनचा?

क्रिप्टोस्पोरिडियमची स्लाइड रंगावर वाचायची नसते, मापावर वाचायची असते. भिवंडीतल्या लॅबमध्ये माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक टेक्निशियनने हे वाक्य कंटाळा येईपर्यंत ऐकले आहे. संपादकांनी ‘आढावा’ मागितला आहे. पण नवी किट आणि मशीन यांचे आढावे लिहिणारे पुष्कळ आहेत. मी स्लाइडवाला माणूस, स्लाइडवरच लिहिणार.

इतिहास झटपट उरकतो. टायझर यांनी १९०७ मध्ये उंदराच्या जठरात हा जीव पाहिला, आणि पुढे सत्तरेक वर्षे माणसांच्या डॉक्टरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. माणसातले पहिले रुग्ण १९७६ मध्ये नोंदले गेले. मग एड्स आला, न थांबणारे जुलाब आले आणि सगळे जागे झाले. आपल्याकडे १९८५ मध्ये वेल्लोरहून दक्षिण भारतातल्या मुलांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये माहिती आली. कोलकात्यासह सात ठिकाणी झालेल्या मोठ्या अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवून दिले की, वर्षाच्या आतल्या बाळांच्या गंभीर जुलाबांत रोटाव्हायरसनंतर याचाच नंबर लागतो. तरीही आपल्या गावात ‘स्टूल रूटीन’ लिहून पाठवणाऱ्या डॉक्टरांना वाटते की असला तर त्यातच दिसेल. साध्या सलाइन-आयोडिनच्या स्लाइडवर तो यीस्टसारखा एक चकाकता ठिपका असतो. मुद्दाम शोधल्याशिवाय तो कुणालाही सापडणार नाही.

शोधायची सोपी वाट दाखवली ती जनावरांच्या डॉक्टरांनी, हे मला फार आवडते. हेन्रिक्सन आणि पोहलेन्झ यांनी १९८१ मध्ये क्षयाच्या जंतूंसाठीची झील-नील्सन पद्धत थोडी बदलून क्रिप्टोच्या ऊसिस्टना लावली. ऊसिस्टच्या भिंतीत मेदासारखे पदार्थ असतात. फिनॉलच्या जोरावर फुक्सिन एकदा आत शिरले की अ‍ॅसिडने ते सहज बाहेर पडत नाही. पण क्षयाच्या जंतूइतकी घट्ट धरून ठेवायची ताकद या भिंतीत नसते. ‘मॉडिफाइड’ या शब्दातली सगळी मेख इथेच आहे.

आपल्या लॅबमध्ये काय होते? थुंकीच्या टेबलावर २५ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडची बाटली तयारच असते. स्टूलची एखादी स्लाइड आली की तीच बाटली उचलायची, थुंकीच्या हिशेबाने वेळ द्यायचा, आणि स्लाइड निळीशार झाली की ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळे व्हायचे. मी पहिल्यापासून गार किन्यूनचा आणि १ टक्का अ‍ॅसिडचा पुरस्कर्ता आहे. काही पुस्तकांत १० टक्के अ‍ॅसिड-अल्कोहोल दिलेले आहे आणि त्याचे भक्त मला चर्चासत्रांत गाठून वादही घालतात. त्यांच्या पद्धतीनेही स्लाइड चांगली येते, नाही असे नाही. पण तिथे घड्याळावरून नजर हटून चालत नाही, आणि दुपारी साठ सॅम्पल घेऊन बसलेल्या मुलाकडून ती अपेक्षा मी करणार नाही.

माझी पद्धत अशी. जुलाब पाण्यासारखे असतील तर सॅम्पल फिरवून तळाचा गाळ घ्यायचा. शौच घट्ट असेल तर फॉर्मॉल-ईथर करायचे. सेंट्रिफ्यूज ५०० जी ला पूर्ण दहा मिनिटे चालवायचा. रोटरची त्रिज्या पंधरा सेंटिमीटर असेल तर हे मिनिटाला साधारण १७०० फेरे होतात. जंतांच्या अंड्यांसाठी दोन मिनिटांत भागते, म्हणून लोक इथेही दोन मिनिटांत मशीन थांबवतात. मग हलके, चिमुकले ऊसिस्ट वरच्या पाण्याबरोबर बेसिनमध्ये जातात. स्मिअर पातळ हवा, खाली वर्तमानपत्र धरले तर अक्षरे वाचता यावीत इतका. जाड स्मिअरमध्ये अ‍ॅसिड आतपर्यंत पोचत नाही आणि सगळेच लाल राहते. वाळल्यावर मिथेनॉलने पक्का करायचा, नाहीतर पाणचट स्मिअर धुताना वाहून जातो. मग किन्यूनचे कार्बल फुक्सिन, गाळून घेतलेले, पाच मिनिटे. खाली बर्नर लावायचा नाही. ५० टक्के अल्कोहोलने तीन-चार सेकंद खळाळायचे, धुवायचे, मग १ टक्का सल्फ्युरिक अ‍ॅसिड दोन मिनिटे, पुन्हा धुवायचे, शेवटी मिथिलीन ब्लू एक मिनिट. प्रत्येक बॅचमध्ये ठाऊक असलेली एक पॉझिटिव्ह स्लाइड असलीच पाहिजे. तिच्यातले ऊसिस्ट लाल नसतील तर त्या दिवशीचा एकही रिपोर्ट बाहेर जाऊ नये.

धुण्याविषयी एक पोटतिडकीची गोष्ट. नळाचे पाणी वापरू नका. नळाच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद राहतात आणि स्लाइडवर लाल काड्या ठेवून जातात. तसेच स्लाइड एकाच बरणीत बुडवून रंगवू नका, रॅकवर आडव्या ठेवून एकेकीवर रंग ओता. बरणीत एका रुग्णाचे ऊसिस्ट दुसऱ्याच्या स्लाइडवर जाऊन बसू शकतात.

आता वाचन. आधी ४० च्या लेन्सने स्लाइडवरून फिरायचे, संशय आला की ऑइल लावून १०० वर जायचे. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी ते गर्द लाल गोळे दिसतात. इथेच नवशिके थांबतात आणि इथेच खरे काम सुरू होते. फाइन फोकस हळूहळू वर-खाली करा. खऱ्या ऊसिस्टला खोली असते. आत काही गर्द, काही फिकट जागा दिसतात, कधी वाकड्या चंद्रकोरीसारखे स्पोरोझॉइट कडेला चिकटलेले असतात. सगळे ऊसिस्ट सारखे रंगत नाहीत, एकाच फील्डमध्ये एखादा जवळजवळ रंगहीन असतो. रंगाचा साका मात्र आत-बाहेर सारखाच ठोकळ लाल असतो आणि बहुधा वेगळ्याच पातळीवर फोकस होतो. यीस्ट निळे राहते आणि शोधले तर अंकुर फुटलेली पेशी सापडते. अ‍ॅसिड कमी पडले तर यीस्टही गुलाबी दिसते, म्हणून आजूबाजूचे जीवाणू निळे आहेत ना, हे आधी पाहावे. तेही गुलाबी असतील तर ती स्लाइड वाचूच नये, नव्याने रंगवावी.

आणि मग माप. आयपीसमधली काच बसवून स्टेज मायक्रोमीटरशी एकदा जुळवून घ्यायची. स्टेजच्या पट्टीचे एक घर दहा मायक्रॉनचे असते. माझ्या मायक्रोस्कोपवर ऑइल लेन्सखाली आयपीसच्या ४० रेघा अशा ४ घरांवर बसतात, म्हणजे एक रेघ एक मायक्रॉन. हा हिशेब प्रत्येक मायक्रोस्कोपसाठी आणि प्रत्येक लेन्ससाठी वेगळा करावा लागतो. शेजारच्या टेबलाचा आकडा उसना घेता येत नाही. क्रिप्टो ४ ते ६ मायक्रॉन, गोल. सायक्लोस्पोरा ८ ते १०, तोही गोल, तोही लाल. सिस्टोआयसोस्पोरा लांबट, २० ते ३० मायक्रॉनचा; त्याची चूक कुणी करत नाही. भांडण पहिल्या दोघांचे आहे.

एक उदाहरण सांगतो. शांतीनगरकडचा लूमवर काम करणारा एक तरुण होता. रात्रपाळी, जेवण बिस्सीत, झोप कारखान्याला लागून असलेल्या खोलीत. तीन आठवडे जुलाब, भूक मेलेली, अंगात त्राण नाही. कुठल्याशा लॅबचा ‘क्रिप्टोस्पोरिडियम पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट त्याच्याकडे होता आणि नायटाझॉक्झानाइड घेऊनही फरक नव्हता. डॉक्टरांना वाटले, हा एचआयव्हीचा रुग्ण असावा, कारण प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसात हे औषध फारसे चालत नाही. ती तपासणी निगेटिव्ह आली. सॅम्पल माझ्याकडे आले. स्लाइडवर गोळे होते, भरपूर होते, पण काही गर्द लाल, काही फिकट गुलाबी आणि काही तर अजिबात न रंगलेले, चुरगळलेल्या काचेसारखे. रंगाची इतकी तफावत दिसली की मला सायक्लोस्पोराचा वास येतो. रेघा मोजल्या. बहुतेक गोळे नऊ रेघांचे, एखादा आठचा, पाचचा एकही नाही. न रंगवलेल्या थेंबावर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकला तर तेच गोळे निळ्या कड्यांसारखे चमकले; क्रिप्टो असे चमकत नाही. सायक्लोस्पोराचे औषध को-ट्रायमॉक्सॅझोल. तिथल्या तिथे मिळणारी स्वस्त गोळी, आणि ती घेतल्यावर तो आठवड्याभरात कामावर गेला. आधीचा रिपोर्ट देणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये मायक्रोमीटरची काच नक्की होती, फक्त आयपीसमध्ये नव्हती.

माप चुकले की औषध चुकते, आणि सल्लाही चुकतो. क्रिप्टोचे ऊसिस्ट बाहेर पडतात तेच पिकलेले, त्याच क्षणी दुसऱ्याला लागण करायला तयार. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या दहा माणसांना हात आणि संडास यांविषयी आजच बजावावे लागते. सायक्लोस्पोराला बाहेर पिकायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तो माणसाकडून माणसाकडे थेट जात नाही. तिथे पाणी आणि कच्ची भाजी तपासायची. क्लोरीनच्या भरवशावर मात्र राहू नका. नळाला क्लोरीनचा वास येतो म्हणजे पाणी निर्धोक, असे आपल्या गावात सरसकट मानतात. क्रिप्टोचा ऊसिस्ट त्या मात्रेतून सुखरूप बाहेर येतो. मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यातूनच सुमारे चार लाख माणसे आजारी पडली. पाणी उकळले की मात्र तो मरतो. हेच लॅबच्या टेबलालाही लागू: सांडलेल्या सॅम्पलवर ब्लीच ओतून समाधान मानू नका.

मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. पातळ शौचात ग्रॅममागे दहा हजारांच्या आसपास ऊसिस्ट असले तर ही पद्धत पकडते; घट्ट शौचात पाच लाखांच्या आसपास लागतात, असे १९९१ च्या एका नावाजलेल्या अभ्यासात दिसले आहे. ऊसिस्ट रोज सारखे पडतही नाहीत. म्हणून वेगवेगळ्या दिवशीची तीन सॅम्पल मागवावीत आणि रिपोर्टात ‘नाही’ न लिहिता ‘दिसले नाहीत’ लिहावे. माणसातला हॉमिनिस की वासरातला पार्व्हम, हे स्लाइड सांगत नाही. त्याला पीसीआर हवा. फ्लुरोसंट अँटिबॉडीची पद्धत अधिक संवेदनशील आहे, हेही मला मान्य आहे. पण पीसीआरचे पॅनल आले म्हणून स्लाइड संपली, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी एकदा भिवंडीत यावे. पॅनलच्या किमतीत लूमवाल्याची कितीतरी दिवसांची मजुरी जाते. फुक्सिनची एक बाटली मात्र महिनोन्‌महिने पुरते.

आता टेक्निशियन मुले मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात. आयपीसला मोबाइल लावून, झूम करून, खाली प्रश्न: ‘सर, क्रिप्टो आहे का?’ फोटो सुंदर असतात, आमच्या काळच्या स्लाइडपेक्षा स्वच्छ. पण झूम केलेल्या फोटोत चार मायक्रॉनचा आणि नऊ मायक्रॉनचा गोळा सारखाच दिसतो. मी उत्तर देत नाही, उलटा प्रश्न पाठवतो: किती रेघा? बहुतेक वेळा पुढचा मेसेज येत नाही.

लॅब चालवणाऱ्यांना विनंती एवढीच आहे. रिपोर्टात ‘अ‍ॅसिड-फास्ट ऊसिस्ट दिसले’ असे लिहाल तेव्हा त्यापुढे त्यांचा आकार मायक्रॉनमध्ये लिहा. डॉक्टरांनीही आकार नसलेला रिपोर्ट परत पाठवावा.