खोक्यावर एलडॅक, फोनवर एसबीसी

मुरुमच्या दुकानातून आणलेल्या हेडफोनच्या खोक्यावर एलडॅक लिहिलेले असते, तरी अँड्रॉइड फोन एसबीसीवर का थांबतो? जोडणी होताना फोन हेडफोनला कोणकोणते कोडेक येतात ते विचारतो. आलेल्या यादीतला, स्वतःलाही येणारा सर्वांत वरच्या पसंतीचा कोडेक तो निवडून कळवतो. हेडफोनने होकार दिला की आवाज सुरू होतो. एसबीसी ब्लूटूथ-संगीतात सक्तीचा, म्हणून तो नेहमी उरतोच.

खरी अडचण बहुधा यादीतच असते. एकाच वेळी दोन फोन जोडण्याची सोय चालू असली की काही हेडफोन एलडॅकचे नावच सांगत नाहीत. मग एएसीसारखा दुसरा कोडेक सामाईक असेल तर तो, नाहीतर एसबीसी. ती सोय बंद करून पुन्हा जोडा. बऱ्याच फोनांत ब्लूटूथमधल्या त्या हेडफोनच्या पानावर `HD audio` हा खटका असतो. तो बंद असेल तर फोन बाकीचे कोडेक सोडून थेट एसबीसीच घेतो.