ऑडिट फी कोणत्या वर्षाची?

गृहनिर्माण सोसायटीच्या २०२५-२६ च्या हिशेबांचं वैधानिक लेखापरीक्षण ३१ मार्चनंतरच होतं, पण खर्च त्याच वर्षाचा. समजा, फी १५,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी २,७०० रुपये. जीएसटीची वजावट मिळत नसेल, तर ३१ मार्चला पूर्ण १७,७०० रुपये ‘देय ऑडिट फी’ म्हणून दाखवावेत. अनेक समित्या जीएसटीच विसरतात.

विम्याचं उलट. १ ऑक्टोबरला भरलेल्या ३६,००० रुपयांच्या वार्षिक हप्त्यातले १८,००० पुढच्या वर्षाचे, ‘आगाऊ खर्च’. रोकड मात्र त्याच दिवशी पूर्ण लागते.

थकबाकी वसुलीचे दावे सुरू असतील, तर वकिलाची फी ‘किरकोळ खर्चा’त लपवू नये, स्वतंत्र शीर्षक द्यावं.